आधी छोटा प्रिव्ह्यू, मग पूर्ण आकार: फोटोतला पेहराव बदलताना वेळ नेमका कुठे वाचतो

कोल्हापुरात बुटीक आणि साड्यांच्या दुकानांसाठी फोटोचं काम करणाऱ्यांकडे हल्ली एक मागणी वारंवार येते. फोटो आहे, मॉडेल आहे, साडी आहे, फक्त ब्लाऊज वेगळा दाखवायचा आहे. बाह्या लांब, कापड खणाचं, रंग दुसरा. नवं फोटोशूट करण्याऐवजी इमेज जनरेट करणाऱ्या एआय मॉडेलकडून तेवढाच भाग बदलून घेता येतो. ज्या भागावर काम हवं तो रंगवून दाखवायचा, म्हणजे मास्क करायचा, काय हवं ते लिहायचं, आणि मॉडेल तेवढ्या भागात नवं चित्र भरतं.

पण हे पहिल्या झटक्यात मनासारखं होत नाही. बाही वाकडी येते, रंग मळकट येतो, जुन्या ब्लाऊजची कड खालून डोकावते. मग मास्क सुधारायचा, शब्द बदलायचे, पुन्हा चालवायचं. यातला प्रत्येक प्रयत्न पूर्ण आकारात केला तर दुपार त्यातच जाते. म्हणून आधी छोट्या आकारात प्रिव्ह्यू पाहायचा आणि पसंत पडल्यावरच मोठ्या आकारात चालवायचं, ही पद्धत आहे. पद्धत चांगलीच आहे. मात्र छोटा प्रिव्ह्यू काही गोष्टी खऱ्या सांगतो आणि काही सांगूच शकत नाही. हा फरक माहीत नसेल तर वाचवलेला वेळ शेवटी दुप्पट खर्च होतो.

राजारामपुरीतल्या एका बुटीकचं काम उदाहरणाला घेतो. त्या बुटीकच्या ताईंची भाची मॉडेल होती आणि फोटोत बदल करायला तिने स्वतः होकार दिला होता. हा होकार पहिल्यांदा घ्यायचा, बाकी सगळं नंतर. फोटो फोनवरचा, ३०००×४००० पिक्सेलचा. अंगावर साधी सुती साडी, आखूड बाह्यांचा काळा ब्लाऊज, गळ्यात कोल्हापुरी साज. हवा होता कोपरापर्यंत बाह्यांचा, मरून रंगाच्या खणाचा ब्लाऊज. साज जसाच्या तसा राहायला हवा होता.

पूर्ण फोटो मॉडेलला द्यायची गरज नव्हती. खांद्यापासून कमरेपर्यंतचा १५३६×२०४८ पिक्सेलचा तुकडा कापून घेतला. काम या तुकड्यावर करायचं आणि शेवटी तो मूळ फोटोत त्याच जागी बसवायचा. त्याच तुकड्याची निम्म्या लांबी-रुंदीची प्रत केली, ७६८×१०२४. ही प्रत प्रिव्ह्यूसाठी.

निम्मा आकार म्हटलं तरी काम निम्मं होत नाही, त्याहून खूपच कमी होतं. लांबी निम्मी आणि रुंदीही निम्मी, म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश उरतात. शिवाय या मॉडेलच्या आत एक टप्पा असा असतो की चित्राचा प्रत्येक भाग इतर प्रत्येक भागाशी ताडून पाहिला जातो. बाहीवरची सावली आणि खांद्यावरचा उजेड एकमेकांशी जुळतात ते यामुळेच. भाग चौपट झाले की या तुलना सोळापट होतात. सगळं काम या टप्प्यात नसतं, त्यामुळे एकूण वेळ सोळापट वाढत नाही, पण साध्या चौपटीवरही सहसा थांबत नाही. समजा छोट्या आकारात एक चित्र १५ सेकंदांत येतं आणि मोठ्यात ७५ सेकंदांत. वीस प्रयत्न लागले तर छोट्यात पाच मिनिटं जातील, मोठ्यात पंचवीस. आणि वीस प्रयत्न लागतातच, कारण ताईंना सहा ब्लाऊज दाखवायचे असतात.

किती लहान करायचं यालाही मर्यादा आहे. प्रत्येक मॉडेल ठरावीक आकाराच्या चित्रांवर शिकलेलं असतं. स्टेबल डिफ्यूजन १.५ हे मॉडेल साधारण ५१२×५१२ वर, त्याचंच नंतरचं मोठं रूप एसडीएक्सएल १०२४×१०२४ च्या आसपास. एसडीएक्सएलला ५१२ वर चालवलं की शरीराची ठेवणच बिघडते. मग दिसणारा दोष तुमच्या शब्दांचा आहे, मास्कचा आहे की आकाराचा, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून एसडीएक्सएलसाठी ७६८×१०२४ च्या खाली मी जात नाही. आणखी थोडे सेकंद वाचतील, पण जे दिसेल त्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

आता पहिला प्रिव्ह्यू. मॉडेलसाठी लिहायचं वाक्य, म्हणजे प्रॉम्प्ट, इंग्रजीतच दिला, कारण ही मॉडेलं मुख्यतः इंग्रजी वर्णनांवर शिकलेली आहेत. स्टेबल डिफ्यूजन ब्राउझरमधून चालवायच्या वेबयूआयमध्ये नोंदी अशा होत्या:

```
maroon blouse, elbow-length sleeves, small woven motifs,
cotton saree, soft light from left
Size: 768x1024
Steps: 30
Denoising strength: 0.75
Mask blur: 4
Masked content: original
```

ब्लाऊज मरून आलाच नाही. काळपट तपकिरी आला, आणि बाही जेमतेम दोन बोटं लांब झाली. दोन्ही दोष छोट्या चित्रातही स्वच्छ दिसत होते आणि दोन्हींची कारणं वेगळी होती.

रंगाचं कारण `Denoising strength` मध्ये होतं. हा आकडा मॉडेलला सांगतो की जुन्या चित्रातलं किती पुसून नवं काढायचं. ० म्हणजे काहीच बदलू नको, १ म्हणजे मास्कच्या आतलं पूर्ण विसर. ०.७५ वर जुन्या ब्लाऊजचा काळेपणा थोडा शिल्लक राहतो आणि मरूनमध्ये मिसळतो. आकडा ०.९५ पर्यंत वाढवता आला असता, पण मग ब्लाऊजच्या जुन्या चुण्या आणि खांद्याचा बाकही हरवतो. मला आवडणारा उपाय वेगळा आहे. फोटो एडिटरमध्ये ब्लाऊजवर आणि नवी बाही हवी तिथपर्यंत मरून रंगाचा सपाट थर जाड ब्रशने फासायचा, अगदी ओबडधोबड चालतो, आणि ते चित्र मॉडेलला द्यायचं. आता ०.७५ वर शिल्लक राहतो तो मरून. थर थोडा पारदर्शक ठेवला तर खालच्या चुण्याही पुसट दिसत राहतात आणि मॉडेल त्या धरून चालतं.

बाहीचं कारण मास्क होता. मी आखूड बाहीच्या कडेखाली जेमतेम दोन बोटांपर्यंतच रंगवलं होतं. मॉडेल मास्कच्या बाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे लांब बाहीसाठी कोपराच्या थोडं खालपर्यंतचा हात मास्कमध्ये घ्यावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. बाही सैल हवी असेल तर हाताच्या दोन्ही बाजूंना मागच्या भिंतीचा थोडा भागही घ्यायला लागतो, नाहीतर कापड हाताला चिकटल्यासारखं दिसतं. उलटं काम असेल, लांब बाहीची आखूड करायची असेल, तर जुनी बाही एकूण एक झाकली गेली पाहिजे. एक पट्टी जरी सुटली तरी मॉडेल तिला नव्या कपड्याचाच भाग समजतं आणि दंडावर विनाकारण कापडाची कड येते.

मास्क नेहमी मोठ्या तुकड्यावर काढावा आणि चित्राबरोबर लहान करावा. छोट्यासाठी एक, मोठ्यासाठी दुसरा असे दोन मास्क हाताने काढले की त्यांच्या कडा जुळत नाहीत, मग छोट्यात बरोबर दिसलेली बाही मोठ्यात बिघडते. पिक्सेलमध्ये मोजलेले आकडेही आकाराबरोबर बदलायचे असतात. `Mask blur` म्हणजे मास्कची कड किती मऊ करायची ते. छोट्या चित्रात ४ ठेवला असेल तर दुप्पट लांबीच्या चित्रात ८ लागतो. ४ च ठेवला तर कड दिसायला निम्मी मऊ राहते आणि दंडाभोवती कापल्यासारखी रेघ येते. हे फार जणांच्या लक्षात येत नाही, आणि मग छोट्यात छान होतं, मोठ्यात का बिघडलं, असं कोडं पडतं.

मास्क आणि रंग दुरुस्त केल्यावर चार-चार चित्रांचे गट काढले आणि त्यांतलं एक पसंत पडलं. छोट्या चित्रात पाहायचं ते एवढंच: बाही कुठे संपते, ब्लाऊजचा घेर शरीराला धरून आहे का, पदर डाव्या खांद्यावरून नीट खाली येतो का, रंग साडीशी जातो का, उजेड मूळ फोटोप्रमाणे डावीकडूनच पडतो का, जुनं काही डोकावतं का. चित्र झूम न करता, थोडं लांबून पाहावं. झूम केलं की नजर अशा गोष्टींवर जाते ज्यांच्याबद्दल छोटं चित्र काही सांगूच शकत नाही.

ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर नेमकं तेच झालं. त्यांचा फोन आला, "दादा, कापड खणाचं वाटंना की ओ. बुट्ट्या नुसत्या ठिपक्यागत दिसायल्यात."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण त्या चित्रात बुट्टी तशीच दिसणार होती. ही मॉडेलं चित्र थेट पिक्सेलमध्ये काढत नाहीत. आधी एका आकसलेल्या रूपात काढतात, ज्यात ८×८ पिक्सेलचा चौकोन म्हणजे एक घर. आपल्या मोठ्या तुकड्यात खणाची एक बुट्टी साधारण २४ पिक्सेल रुंद धरली तर तिच्या रुंदीला तीन घरं मिळतात. छोट्या प्रतीत तीच बुट्टी १२ पिक्सेलची, म्हणजे दीड घर. दीड घरात बुट्टीचा आकार मावत नाही. तिथे फार तर 'इथे काहीतरी ठिपका आहे' एवढंच मावतं. काठाची जर, साजाच्या पानांमधलं बारीक काम, शिलाईची टीप, हुक, या सगळ्यांचं असंच आहे. ते छोट्या चित्रात खराब दिसलं म्हणून चांगला प्रयत्न फेकून देऊ नये. आणि योगायोगाने छान दिसलं म्हणून निर्धास्तही राहू नये.

पोताचीच शंका असेल तर त्यासाठी वेगळी चाचणी आहे, आणि माझ्या मते ती या सगळ्या पद्धतीतली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. पूर्ण चित्र लहान करण्याऐवजी मोठ्या चित्राचा लहान तुकडा घ्यायचा. बाहीची कड आणि दंडाचा थोडा भाग येईल असा ७६८×७६८ चा चौकोन, पूर्ण रिझोल्यूशनमध्ये. त्यावर पुढे सांगितलेल्या शेवटच्या फेरीचे आकडे लावून पाहायचे. वेळ छोट्या प्रिव्ह्यूपेक्षा जास्त लागत नाही, पण बुट्टी कशी येणार, कापड सुती दिसणार की प्लास्टिकसारखं गुळगुळीत, हे खरं कळतं. ठेवण पाहायला पूर्ण चित्र लहान आकारात, पोत पाहायला लहान तुकडा पूर्ण आकारात, असे दोन प्रिव्ह्यू दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तरं देतात.

आता सगळ्यात मोठा गैरसमज, आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. छोटं चित्र पसंत पडलं. बऱ्याच जणांना वाटतं, आता `Seed` तोच ठेवायचा, आकार तेवढा वाढवायचा, की तेच चित्र मोठं मिळेल. तसं मिळत नाही.

मॉडेल सुरुवात करतं ती यादृच्छिक आकड्यांच्या जाळीपासून, म्हणजे नुसत्या गोंधळापासून, आणि टप्प्याटप्प्याने त्यातून चित्र बाहेर काढतं. सीड हा त्या आकड्यांच्या मालिकेचा क्रमांक. तोच सीड दिला की आकड्यांची तीच मालिका मिळते, हे खरं. पण ७६८×१०२४ च्या चित्राची जाळी ९६×१२८ घरांची असते आणि १५३६×२०४८ ची १९२×२५६ घरांची. तीच मालिका ओळीने भरत गेलं तर छोट्या जाळीत ९७ वा आकडा दुसऱ्या ओळीत पहिला येतो, मोठ्या जाळीत तो पहिल्याच ओळीच्या मध्यात पडतो. तिथून पुढे सगळं वेगळं. त्यामुळे बाहीची चुणी वेगळी, पदराची घडी वेगळी, कधी बाहीची लांबीही वेगळी. ताईंनी पसंत केलेला ब्लाऊज हा नव्हेच.

त्यात आणखी एक अडचण. मॉडेल ज्या आकारावर शिकलं त्याच्या बरंच पुढे जाऊन शून्यातून काढायला लावलं, की ते एकच गोष्ट दोनदा काढू लागतं. गळ्याखाली आणखी एक गळा, दंडाला दुसरी बाही. म्हणजे मोठ्या आकारात नव्याने चालवणं महाग तर आहेच, शिवाय ते जास्त चुकतं.

म्हणून शेवटची फेरी शून्यातून करायची नाही. पसंत केलेलं छोटं चित्रच दुप्पट मोठं करून घ्यायचं, साध्या लँक्झोस पद्धतीने किंवा एखाद्या अपस्केलर मॉडेलने. ते धूसर दिसेल, हरकत नाही. मास्क वापरून त्यातला फक्त ब्लाऊजचा भाग मूळ मोठ्या तुकड्यावर ठेवायचा, म्हणजे चेहरा, साडी, भिंत मूळ फोटोतलीच धारदार राहते. मग हे जोडलेलं चित्र, तोच मास्क आणि तोच प्रॉम्प्ट घेऊन पुन्हा चालवायचं, पण `Denoising strength` ०.३५ च्या आसपास ठेवून. इतक्या कमी आकड्यावर मॉडेलला ठेवण बदलायला फारसा वाव नसतो. बाही जिथे आहे तिथेच राहते, आणि बारीक तपशील भरायला मात्र आता बुट्टीला तीन घरं असतात.

या फेरीला एक फायदा आपोआप मिळतो. वेबयूआयमध्ये मूळ सेटिंग न बदलता ३० टप्पे दिले आणि आकडा ०.३५ ठेवला तर प्रत्यक्षात साधारण १० टप्पेच चालतात, कारण चित्र अर्ध्याहून जास्त तयारच आहे. त्यामुळे मोठ्या आकाराची ही एक फेरी वाटते तितकी जड पडत नाही. सीड इथे कोणताही चालतो.

आकडा थोडा वरखाली करावा लागतो, आणि कुठे न्यायचा ते चित्रच सांगतं. कापड मेणासारखं गुळगुळीत राहिलं, बुट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या, तर ०.४५ पर्यंत वाढवायचं. चुण्यांची जागा हलली, बाहीच्या कडेला दुसरी कड फुटली, तर खाली आणायचं. खात्री करायला छोटं चित्र मोठं करून नव्या चित्रावर थर म्हणून ठेवावं आणि तो चालू-बंद करून पाहावा. बाहीची कड जागची हलत असेल तर लगेच डोळ्यात भरतं. आमच्या उदाहरणात ०.४ ला जमलं.

साजाचं काम मात्र मॉडेलकडे द्यायचंच नाही. मास्कमधून साज वगळता येतो, पण मोठ्या चित्रात पानांना जोडणारी तार जेमतेम तीन पिक्सेलची होती. मास्क निम्मा झाल्यावर ती दीड पिक्सेलची झाली, कड मऊ केल्यावर उरलीच नाही. परिणामी छोट्या प्रिव्ह्यूत पानं सुटी सुटी तरंगत होती. मोठ्या फेरीतही तारेच्या जागी मॉडेलने कापडाचे धागे काढले असते. सरळ उपाय असा की साजाखालचा सगळा ब्लाऊज मास्कमध्ये घ्यायचा, मॉडेलला तिथे बिनधास्त कापड भरू द्यायचं, आणि मूळ फोटोतून साज कापून घेऊन शेवटी वरच्या थरावर ठेवायचा. खाली एक हलकी सावली हाताने द्यावी लागते, कारण जुनी सावली काळ्या ब्लाऊजवर दिसतच नव्हती. हे हाताचं काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे, आणि दागिना खरा राहतो.

मोठी फेरी चालेल की नाही याची चाचणीही छोटा प्रिव्ह्यू देत नाही. ग्राफिक्स कार्डाची मेमरी ८ जीबी असेल तर ७६८×१०२४ सहज होईल आणि १५३६×२०४८ ला टप्पे पूर्ण होऊन अगदी शेवटी, आकसलेल्या रूपातून पिक्सेल उलगडताना, मेमरी कमी पडल्याची सूचना येऊन काम थांबेल, असं होऊ शकतं. म्हणून सहा ब्लाऊज रांगेत लावून घरी जायच्या आधी मोठ्या आकाराची एक फेरी पूर्ण होऊ द्यावी. अडलं तर हा शेवटचा टप्पा तुकड्या-तुकड्याने करायची सोय चालू करता येते. वेळ थोडा वाढतो, पण काम पार पडतं.

फक्त रंग बदलायचा असेल, कट तोच, कापड तेच, तर यातलं काही करू नये. फोटो एडिटरमध्ये रंग बदलणं झटपट होतं आणि कापडाचं पोत खरं राहतं. आणि मॉडेलने काढलेली बुट्टी ही ताईंच्या दुकानातल्या खणाची बुट्टी नव्हे. गुळेदगुड्डच्या विणकराने विणलेलं कापड ते नाही, त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी आहे. शिवून देण्याआधी गिऱ्हाइकाला कट आणि रंग दाखवायला हे चित्र योग्य आहे. हेच कापड मिळेल म्हणून विकायला ते वापरू नये. तिथे खऱ्या खणाचा फोटो शेजारी हवा, आणि ताईंनी तो ठेवलाही.

पसंती घेताना म्हणूनच चित्राबरोबर दोन ओळी पाठवाव्यात: यात बाहीची लांबी, गळा आणि रंग बघा, बुट्टी अजून बघू नका. बाहीच्या कडेचा तो पूर्ण आकाराचा चौकोन वेगळा पाठवावा आणि बुट्टीबद्दल त्यावर विचारावं. तो साध्या फोटोसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बुट्टी पुन्हा ठिपका होते. वेबयूआय पीएनजी फाइलमध्ये सीड, आकार, प्रॉम्प्ट हे सगळं लिहून ठेवतं, तेही अशा फोटोतून निघून जातं. पसंत पडलेल्या छोट्या चित्राची मूळ पीएनजी, मोठा मास्क आणि मरून थर फासलेला तुकडा एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. आठवड्याने ताई म्हणतात, "तोच ब्लाऊज, पण बाही दोन इंच कमी," तेव्हा मास्क आणि थर तेवढा वर ओढून एक छोटा प्रिव्ह्यू आणि एक मोठी फेरी, एवढंच काम उरतं.